खोड सांगून शेळी विकणारी

हसनाबादच्या बाजारात आसराबाईची शेळी कुणी दात बघून घेत नसे. गरजच पडायची नाही. गिऱ्हाइकानं दोरीला हात लावायच्या आधी बाईच सुरू व्हायची, "हिचा एक सड बंद हाय बरं का. दुधाला चांगली, पण दोन पिल्लांना पुरणार न्हाई. मागून म्हणशील, म्हातारीनं फसवलं." एवढं ऐकून गिऱ्हाईक पळायला पाहिजे, पण ते उलट खिशात हात घालायचं. बाकीचे व्यापारी जळायचे. ते बिचारे म्हाताऱ्या शेळीच्या शिंगांना तेल लावून तिला जवान करण्यात सगळी अक्कल घालवायचे, आणि ही बाई आपल्याच मालाची उणीदुणी काढून दुपारच्या आत मोकळी व्हायची.

नवरा राधाकिसन लेकरं लहान असतानाच गेला. मागं दोन लेकरं, मोठा रामप्रसाद, धाकटी शिवकन्या, आणि दारातल्या शेळ्या. तेवढ्यावर बाईनं संसार ओढला. कुणापुढं हात पसरला नाही आणि कुणाला खोटं बोलली नाही, असं ती स्वतःही म्हणायची, जरा मोठ्यानंच म्हणायची. खरेपणाचासुद्धा माज असतो हो. आसराबाईला तो होता.

अशा बाईनं जन्मात एकच खोड लपवली. शेळीची नव्हे, पोराची.

रामप्रसाद विशीत होता तेव्हा त्याला दम लागायला लागला. चार पायऱ्या चढला की खाली बसायचा. गावच्या डॉक्टरनं संभाजीनगरला पाठवलं. तिथं आठ-दहा दिवस ठेवून घेतलं, आणि सांगितलं की हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन आज नको, पण दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं, ते चुकवायचं नाही, आणि जड उचलायचं नाही. आसराबाईनं सगळं नीट ऐकलं. गावात परत आली तेव्हा लोकांनी विचारलं, "काय झाल्तं पोराला?" बाई म्हणाली, "काही न्हाई, काविळीसारखं झाल्तं."

का? तर शिवकन्येला तेव्हाच मंठ्याचं स्थळ आलं होतं. बाईच्या डोक्यात एकच भुंगा. भावाला हृदयाचं दुखणं आहे असं कळलं तर लोक म्हणतील, यांच्या रक्तातच खोट आहे, आणि पोरगी घरात बसेल. म्हणून तिनं दोन्ही लेकरांना चुलीपुढं बसवलं आणि शपथ घातली, "ही गोष्ट या घराबाहेर गेली तर माझं मेलेलं तोंड बघाल." शिवकन्येचं लग्न पार पडलं. जावई सुग्रीव, शांत, शिकलेला, नाव ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षी रामप्रसादचं लग्न. सून प्रेमला, बारावी झालेली, कामाला वाघीण. तिलाही सांगितलं नाही. नवरा दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात का जातो असं तिनं विचारलं, तेव्हा सासूनं सांगितलं, "ताकदीचं इंजेक्शन असतंय ते. लहानपणी अशक्त होता." रामप्रसादनं मान डोलावली.

आता धोंड्याच्या महिन्याचं ऐका. मागच्या खेपेला धोंड्याचा महिना आला तेव्हा लेक-जावई जेवायला आले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, टॉवेल-टोपी, सगळं साग्रसंगीत. जेवण झाल्यावर सुग्रीव बाजेवर बसला आणि लाजत लाजत म्हणाला, "मामी, मला कापडचोपड काही नको. मी विम्याची एजन्सी घेतलीय. परीक्षा पास झालो. पहिल्या वर्षी पॉलिस्या झाल्या न्हाईत तर एजन्सी टिकणार न्हाई. रामप्रसादची एक करू या."

जावयानं तोंड उघडून मागितलेली पहिली गोष्ट. तीही धोंड्याच्या महिन्यात! या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं म्हणजे देवाच्या दारातून माणूस उपाशी धाडायचं. आसराबाई म्हणाली, "करा की. विचारायचं काय त्यात?"

सुग्रीवनं मोबाईल काढला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवायला लागला. नियमानं चालणारा माणूस, एकही सोडला नाही. "कधी दवाखान्यात ॲडमिट होतास का? बीपी, शुगर, हृदयाचा, किडनीचा आजार? काही औषधं चालू आहेत का?"

रामप्रसादनं आईकडं बघितलं. शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, तिनंही आईकडंच बघितलं. प्रेमला आत भांडी घासत होती. आसराबाईला वाटलं, आता खरं बोललं तर जावई म्हणेल, लग्नाच्या वेळी का नाही सांगितलं? मग लेकीचं काय? बाई हसली. खळखळून हसली. म्हणाली, "दगड पचवतंय ते, पाहुणे! त्याला काय धाड भरलीय? ल्ह्या, काही न्हाई म्हणून."

सुग्रीवनं सगळीकडं 'नाही' केलं. रामप्रसादच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो त्यानं सांगितला. वय कमी, म्हणून कंपनीनं तपासणीला बोलावलं नाही. महिनाभरात पॉलिसी घरी आली. वारस म्हणून प्रेमलाचं नाव होतं. आसराबाईनं ती देवघरात ठेवली आणि विसरून गेली.

गेल्या दिवाळीनंतर कांद्याच्या गोण्या टेम्पोत भरता भरता रामप्रसाद खाली बसला, तो उठलाच नाही. जालन्याला नेलं. डॉक्टर ओरडत होते, "आधी काही आजार होता का? पटकन सांगा!" प्रेमला औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानाकडं पळाली होती. आत आसराबाई एकटी. पोराचा जीव जात असताना कसली शपथ आणि कसलं काय. तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. झडप खराब आहे, संभाजीनगरला ठेवला होता, अमुक इंजेक्शन चालू होतं. शिकाऊ डॉक्टरनं ते केसपेपरवर लिहून घेतलं. पोरगं तासाभरात गेलं.

क्लेमचे कागद सुग्रीवनंच भरले. रडत रडत भरले. मेहुण्यावर त्याचा जीव होता. पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, म्हणून कंपनीचा माणूस चौकशीला आला. तशा क्लेमला येतोच. गावात चार ठिकाणी बसला, दवाखान्यांतून कागद काढले. शिमग्याच्या आसपास पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून सुग्रीव शिवकन्येला घेऊन मंठ्याहून आला आणि ओसरीवर बसून मराठीत सांगायला लागला.

"क्लेम नामंजूर केलाय. पॉलिसी घेताना महत्त्वाची माहिती दडवली म्हणत्यात. हृदयाचा जुना आजार होता. ते कळलं असतं तर या अटींवर पॉलिसी दिलीच नसती, असं ल्हिलंय." तो थांबला. त्याला वाटलं कंपनीचीच चूक आहे, कुण्या दुसऱ्याचे कागद जोडले आहेत. मग त्यानं पुढची ओळ वाचली. "जालन्याच्या केसपेपरवर नोंद हाय. जुना आजार... संभाजीनगरला ॲडमिट... माहिती देणार, रुग्णाची आई."

प्रेमला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सासूकडं नुसतं बघितलं. आसराबाईला वाटलं, भुई दुभंगावी आणि आपण आत जावं. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारी बाई, तिला स्वतःच्या सुनेच्या पायांवरून नजर वर नेता येईना.

सुग्रीव उठला. "मामी," एवढंच म्हणाला. चहा तसाच राहिला. शिवकन्या त्याच्यामागं निघाली आणि जाताना आईच्या गळ्यात पडली नाही. मग बाईला कळलं की पोरीला आता मंठ्याच्या घरात काय काय ऐकावं लागणार आहे. जे चुकवायला एवढं केलं, तेच दारात येऊन बसलं होतं.

गाव म्हणजे गाव. चार दिवसांत बाजारात टोमणे सुरू झाले. एकानं तर आसराबाईच्या तोंडावरच विचारलं, "मावशे, या शेळीचं सगळं सांगितलंस ना? का काही घरात ठेवलंस?" लोक हसले. पूर्वी ती अशा माणसाची सात पिढ्यांचं खानदान उकरून काढायची. आता दोरी गुंडाळली आणि शेळी घेऊन घरी आली. पुढच्या बाजाराला गेलीच नाही.

प्रेमला घरातच होती, माहेरी गेली नाही. सगळी कामं करायची, सासूच्या पुढ्यात ताट ठेवायची, पण बोलणं बंद. लहानग्या नातीच्या, प्रीतीच्या तोंडून निरोप यायचे, "आजी, मम्मी म्हणती जेव." आसराबाईला वाटायचं, ही भांडेल तर बरं, दोन शिव्या देईल तर बरं. पण ती काही म्हणेना. विम्याच्या पैशासाठी जीव जळतोय पोरीचा, असं बाई धरून चालली होती.

तेवढ्यात पुंजाराम आला. गल्लीतला माणूस, गावाचे अर्जफाटे हाच करतो, आणि काम झालं की कोंबडीवर भागतं. तो म्हणाला, "काकू, हारून बसायचं न्हाई. आधी कंपनीकडं तक्रार, तिथं न्हाई झालं तर पुण्याला विमा लोकपाल. एक पैसा लागत न्हाई. फक्त एक करायचं. अर्जात ल्ह्यायचं की एजंटानं एक प्रश्न विचारला न्हाई, आपल्या मनानं खुणा केल्या. अशा केसचे पैसे निघत्यात. तुम्ही साक्षीदार. बस्स!"

"एजंट माझा जावई हाय," आसराबाई म्हणाली.

"मंग काय झालं? त्याची एजन्सी जाईल. दुसरं काही करील. इथं सुनेच्या नि नातीच्या जन्माचा सवाल हाय."

हे मात्र खोटं नव्हतं. बाईला रात्रभर डोळा लागला नाही. एकीकडं सून, जिला तिनं फसवलं. दुसरीकडं जावई, ज्यालाही तिनंच फसवलं. एकाचं भरून द्यायचं तर दुसऱ्याचं काढून घ्यायचं. सकाळी पुंजारामनं अर्ज आणला, प्रेमलानं न वाचता सही केली, आणि तिघं जालन्याच्या एसटीत बसली. वाटेत राजूर लागलं. गणपतीच्या दिशेनं सगळी एसटी हात जोडते. आसराबाईनं पदराखालचे हात बाहेर काढले नाहीत.

कंपनीच्या कचेरीत सुग्रीव आधीच बसलेला होता. त्याला खुलासा द्यायला बोलावलं होतं. सख्खा मेहुणा असून आजार माहीत नव्हता, हे कोण खरं मानणार? साहेबांना वाटत होतं की यानंच दडवायला शिकवलं. सुग्रीव सासूला बघून उठून उभा राहिला. एवढं होऊनही उठला, आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. बाई बसली नाही.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्म्यावरून बघितलं. "आजी, तुम्ही तिथं हजर होता म्हणता. एजंटानं आजाराचे प्रश्न विचारलेच नाहीत, हे बरोबर आहे?"

पुंजारामनं पाठीमागून ढोसलं. आसराबाईनं एकदा सुनेकडं बघितलं. प्रेमला खिडकीबाहेर बघत होती.

"विचारले," आसराबाई म्हणाली. "सगळे विचारले. एक सोडला न्हाई. पोरगं माझ्या तोंडाकडं बघून राह्यलं होतं, खरं बोलू का म्हणून. म्याच हसले. म्याच म्हणलं, ल्ह्या न्हाई म्हणून. या माणसाला काही ठाऊक नव्हतं. लग्नातच लपवलं होतं त्याच्यापासून. ह्या सुनेपासून बी. अर्जात ल्हिलंय ते खोटं हाय साहेब, फाडा तो."

"काकू!" पुंजारामनं कपाळावर हात मारला. "आपल्याच पायावर धोंडा!"

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. मग म्हणाले, "आजी, हे लिहून द्याल?" तिनं लिहवून घेऊन अंगठा दिला. सुग्रीवला लेखी समज मिळाली, एजन्सी राहिली. क्लेम नामंजूर तो नामंजूरच. भरलेले हप्ते तेवढे प्रेमलाच्या खात्यावर परत येतील असं साहेबांनी सांगितलं, आणि लोकपालाकडं जायची वाट मोकळी आहे हेही सांगितलं. तेव्हा प्रेमला पहिल्यांदा बोलली, "न्हाई जायचं."

पायऱ्या उतरताना सुग्रीव जवळ आला. सासूच्या पाया पडला नाही आणि रागावलाही नाही. खाली बघत म्हणाला, "मामी, मला त्या दिवशी नुसतं बाजूला घेऊन सांगितलं असतं. मी कुणाला बोललो असतो का?" तो स्टॅण्डपर्यंत सोडायला आला आणि प्रीतीसाठी केळी घेऊन दिली.

घरी आल्यावर अंधार पडायच्या वेळेला आसराबाई शेळ्यांपाशी बसली होती. प्रेमला आली आणि समोर उभी राहिली. बाईनं ओळखलं, आता फुटणार. फुटू दे. ती म्हणाली, "शिव्या दे मला. तुझे पैसे म्या घालवले."

"पैशाला आग लागो," प्रेमला म्हणाली. "आत्याबाई, ती इंजेक्शनं मीच बंद करायला लावली."

आसराबाईला आधी समजलंच नाही.

"त्यांना लई दुखायचं. दोन-दोन दिवस लंगडायचे. मीच म्हणलं, ताकदीसाठी कशाला सुया टोचून घेता, शेळीचं दूध पीत जा. ते हसले, बरं म्हणले. वरीस झालं होतं बंद करून. तुम्हाला सांगू नको म्हणले, आई रागावल. दवाखान्यात जातो म्हणायचे नि वेशीवरून परत यायचे. आन गोण्या भरायचं काम बी मीच सुचवलं, चार पैसे जास्ती मिळतात म्हणून." ती तिथंच मटकन बसली. "त्या पत्रातलं ऐकलं तवापासून मी झोपले न्हाई. तुमच्याशी कोणत्या तोंडानं बोलू? तुमचं पोरगं मी मारलं."

इतके दिवस ही पोरगी राग धरून बसली असं आसराबाई समजत होती, आणि पोरगी इकडं एकटी जळत होती. तेही कशानं, तर सासूनं सांगितलेल्या एका शब्दानं. ताकदीचं इंजेक्शन! बाईनं सुनेचं डोकं ओढून छातीशी घेतलं आणि तोंड फाडून रडली, पोराच्या मयताला रडली नव्हती तशी.

"तू न्हाई ग माय, तू न्हाई. म्या मारलं. तुला सांगितलंच न्हाई, तर तुझा काय गुन्हा? मला म्हण. गावाला सांग, आसरानं पोरगं मारलं म्हणून सांग."

त्या दिवसापासून निरोप प्रीतीच्या तोंडून यायचे बंद झाले.

जेठाच्या तोंडावर पुन्हा धोंड्याचा महिना आला. त्याच आठवड्यात प्रीतीला ताप आला, घसा धरला, पाणी गिळवेना. आसराबाईनं तिला कडेवर घेतलं आणि गावच्या दवाखान्यात गेली, सोबत प्रेमला. बाकडी माणसांनी भरलेली. बाजारातला तो टोमणे मारणारासुद्धा पोरगं घेऊन बसलेला. डॉक्टर नवीन मुलगी होती. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं, तोच आसराबाई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बाई, हिच्या बापाला हृदयाचं दुखणं होतं. झडप खराब होती. म्या लपवलं होतं. आधी ल्हून घ्या."

डॉक्टरनं प्रीतीचा घसा बघितला, छाती तपासली, आणि म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत. असा घसा दुखून ताप आला आणि वेळेवर औषध झालं नाही, की कधी कधी झडपांना धरतं. हिच्या बाबांना तसंच झालं असणार. हिचं हृदय चांगलं आहे, हिला औषध देते, पूर्ण घ्या. पण आजी, हे रक्तातून येणारं दुखणं नाही. पोराबाळांना, बहिणीला, कुणाला काही नसतं याचं. लपवण्यासारखं काहीच नव्हतं यात."

आसराबाई डॉक्टरच्या तोंडाकडं बघत राहिली. बहिणीला काही नसतं. म्हणजे शिवकन्येचं स्थळ मोडायला कारणच नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरला एवढं एक विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. तिनं विचारलंच नव्हतं.

"आजी, बसा. चक्कर येतेय का?"

"न्हाई," ती म्हणाली. प्रेमलानं तिचा दंड धरला होता. "तरी ल्ह्या, बाई. म्या सांगितलं म्हणून ल्ह्या."